आईच्या लॉकरचे वारसदार

आई गेली त्याच्या पंधराव्या दिवशी बँकेने आम्हाला कळवलं की ती जिवंत आहे.

कळवलं अगदी सभ्यपणे. बंगळूरला मल्लेश्वरमच्या ज्या शाखेत आईचं खातं होतं, तिथे मयत खातेदारांचं काम बघणारे साहेब निपाणीकडचे होते. मराठी ऐकताच त्यांना आनंद झाला, खुर्ची ओढून दिली, वडिलांसाठी पाणी मागवलं. मग त्यांनी मृत्यूचा दाखला उलटसुलट बघितला, जाड रजिस्टर उघडलं, दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हे बगा ताई, दाखल्यातल्या बाई वारल्या, त्याचं वाईट वाटलं. पण आमच्या पुस्तकात ज्या बाई हैत, त्या येगळ्या. आमच्या लेखी त्या अजून जिवंत हैत."

मी भांडायच्या तयारीत पुढे सरकले आणि रजिस्टरमध्ये बघितलं तर साहेबांचं काही चुकलं नव्हतं. तिथे आईचं माहेरचं नाव होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं माहेरचं. दाखल्यावर होतं सासरचं, म्हणजे तेही सगळंच्या सगळं वेगळं. एक अक्षर जुळत असेल तर शपथ.

ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांना हे समजावून सांगणं कठीण आहे. आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरदेव ताटात तांदूळ पसरतो, अंगठीने त्यात एक नाव लिहितो, आणि वीस-बावीस वर्षांची बाई त्या क्षणापासून दुसरीच कुणीतरी होते. पेढे वाटले जातात. पुढे त्या तांदळांचा बहुधा भात होतो. आमच्या अप्पांनी बेळगावच्या एका कार्यालयात असंच एक नाव लिहिलं होतं, एका देवीचं, आणि त्यानंतर चाळीस वर्षांत जुनं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. पण आईचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट जुन्या नावाचं, टीचर्स ट्रेनिंगचं जुन्या नावाचं, म्हणून मल्लेश्वरमच्या शाळेतली नोकरी जुन्या नावाने, म्हणून पगाराचं खातं, ठेवी आणि लॉकरही जुन्याच नावाने. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच आई एक बाई होती, बाकीच्या वेळात दुसरी. या दोघींची ओळख करून द्यायची आमच्यापैकी कुणाला कधी गरजच पडली नव्हती.

"मी नाव बदललं तिचं," अप्पा साहेबांना म्हणाले. "म्हणजे जुनं आपोआप रद्द झालं."

"रद्द केल्याचा कागद हाय का?"

अप्पा सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं बसले होते. या छत्तीस वर्षांत त्यांनी हाच प्रश्न किती लोकांना विचारला असेल, देव जाणे. त्या दिवशी तो त्यांना स्वतःला पहिल्यांदा विचारला गेला. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

घरी परतल्यावर भावाने फाइल उघडली. माझा भाऊ, त्याला मी अण्णा म्हणते, होसकोटेच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि दुःख झालं की तो यादी करत असे. लग्न झालं तेव्हा यादी, मुलगी झाली तेव्हा यादी, आणि आता आई गेली म्हणून प्लास्टिकच्या पाकिटांची निळी फाइल, वर रंगीत चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीवर 'ठेव', दुसरीवर 'लॉकर', तिसरीवर 'इतर'. आईने आयुष्यभर सगळ्या गोष्टी जुन्या उशीच्या अभ्र्यात कोंबल्या, आणि तिच्या पश्चात तिला एवढी शिस्त लागली.

या फाइलीचं घोडं गंगेत न्हायला किती दिवस लागतात, याचं मला एरवी सोयरसुतक नव्हतं. ठेव काही पळून जात नाही. पण दोन दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात अक्काने मला दार लोटून घ्यायला सांगितलं होतं.

अक्का म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई. एकोणीस वर्षं येत होती. मी इंदिरानगरला सासरी गेले, अण्णा लग्न करून वेगळा झाला, पण अक्का आणि आई त्या स्वयंपाकघरात तशाच राहिल्या, एकीने भाजी चिरायची, दुसरीने वह्या तपासायच्या. आमच्या घरात राहून ती मोडकं मराठी शिकली होती, आम्ही तिच्याकडून बऱ्यापैकी कन्नड.

"पुट्टी," ती म्हणाली. मला ती अजून लहान मुलीला म्हणतात तसं पुट्टीच म्हणते. "अम्माच्या बँकेत माझं चिन्ना आहे."

चिन्ना म्हणजे सोनं. तिचा मुलगा प्यायचा, आणि पितळेच्या समईपासून सुरुवात करून घरातलं एक-एक विकत सुटला होता. म्हणून सात वर्षांपूर्वी तिने आपलं होतं नव्हतं ते आईला आणून दिलं आणि आईने आपल्या लॉकरमध्ये ठेवलं. आता तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ज्येष्ठात. आषाढात इकडे लग्नं होत नाहीत, आणि मुलाकडच्यांनी स्पष्टच सांगितलं होतं की श्रावणापर्यंत थांबायला त्यांना वेळ नाही, दुसऱ्या मुली आहेत. अंगावर घालायला जे ठरलं ते घालून मुलगी उभी राहिली तर ठीक, नाहीतर राहिलं.

"स्वल्प बेगा करा," ती म्हणाली. जरा लवकर करा. एवढंच.

मी अण्णाला सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला.

"आईने आपल्याला कधी सांगितलं नाही."

"नाही."

"मग पुरावा काय?"

त्याला चपराक द्यावी असं मला वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याआधीच्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्याही मनात हेच येऊन गेलं होतं. आईने मला कसं सांगितलं नाही? मी तिची मुलगी, आणि लॉकरमधली गुपितं स्वयंपाकवालीला ठाऊक! तो विचार मी केला, हे मला आजही आवडत नाही. शेवटी अण्णा म्हणाला की तिचं जे काही आहे त्याची यादी तरी घे. मी अक्काला विचारून एका झेरॉक्सच्या पाठीवर ती उतरवली. अण्णाने ती 'इतर'च्या पाकिटात सरकवली आणि वर पेन्सिलीने लिहिलं, 'दावा, विनापुरावा'.

मग आमचा प्रवास सुरू झाला.

ठेवीचं त्यातल्या त्यात सोपं होतं. नॉमिनी नेमायची सोय आली तेव्हा शाळेतल्या कुणीतरी आईला शहाणपण शिकवलं आणि तिने माझं नाव घातलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँकेकडून घेऊन सगळ्या वारसांना देणारा हमाल, हे अण्णाने मला तीन वेळा समजावून सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी मी पैसे घेऊन पळाले नसते. पण आईने माझं नाव घातलं तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. साहेबांनी माझं रेशनकार्ड बघितलं आणि खेदाने मान हलवली. आता आमच्या घरातल्या दोन बायका बँकेला सापडत नव्हत्या. एक मेलेली आणि तरी जिवंत, दुसरी समोर बसलेली आणि तरी नसलेली.

माझ्या सासरी मी पहिलं नाव बदलू दिलं नव्हतं, त्यावरून बरंच रामायण झालं होतं, पण आडनाव गेलंच. सुदैवाने लग्नाची पत्रिका शिल्लक होती. पत्रिका आणि प्रतिज्ञापत्र मिळून साहेबांचं समाधान झालं. प्रतिज्ञापत्रात टायपिस्टने माझ्या माहेरच्या नावाआधी 'पूर्वाश्रमीची' असा शब्द घातला. जणू मी लग्न केलं नव्हतं, भगवी वस्त्रं नेसून हिमालयात गेले होते.

आईची गाठ जास्त अवघड होती. अण्णाने माळ्यावरून अप्पा-आईंच्या लग्नाची पत्रिका शोधून काढली. त्यात आईचं माहेरचंच नाव होतं, कारण नाव बदलतं ते लग्नात, पत्रिका छापली जाते आधी. म्हणजे त्या नावाच्या मुलीचं अप्पांशी लग्न ठरलं होतं एवढं सिद्ध झालं. शाळेत जाऊन आईच्या सेवापुस्तकाची नक्कल आणली. त्यात नाव माहेरचं आणि पतीच्या रकान्यात अप्पा. मृत्यूच्या दाखल्यात नाव सासरचं आणि पतीच्या रकान्यात पुन्हा अप्पा.

"आता हे बगा," साहेब खुश होऊन म्हणाले, "इकडल्या बाईंचा नवरा ह्यो, आणि तिकडल्या बाईंचा नवराबी ह्योच. आता ह्यांनी नोटरीफुडं शपथ घेऊन सांगावं, दोन बायका न्हाईत, एकच हाय म्हणून."

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसाने आयुष्यात शेजारणीकडे मान वर करून बघितलं नाही, त्याच्यावर बँकेने दोन लग्नांचा संशय घेतला होता.

नोटरी बसायचा एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात. त्याने स्टँप पेपरवरचा मजकूर चाळला आणि अप्पांना म्हणाला की बायकोची दोन्ही नावं तोंडाने सांगा. अप्पांनी सासरचं नाव सांगितलं आणि थांबले. नोटरीने वर बघितलं. मीही बघितलं. मागे कुणीतरी हॉल तिकिटाच्या झेरॉक्ससाठी घाई करत होतं. अप्पांनी घसा साफ केला आणि माझ्या आईचं नाव घेतलं, तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं. मी ते त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

बाहेर आल्यावर फुटपाथवर ते म्हणाले, "चांगलं होतं गं नाव."

मला भयंकर राग आला. ही गोष्ट तिला सांगायला त्यांच्याकडे चाळीस वर्षं होती. मी रिक्षा थांबवली.

प्रतिज्ञापत्रामुळे सगळ्या कागदांवर आईच्या दोन नावांमध्ये 'उर्फ' हा शब्द आला. बिचारीने जन्मात विना तिकीट बसमध्ये पाऊल टाकलं नाही, आणि मेल्यावर नामचीन गुन्हेगारासारखं उर्फ लागलं.

ठेव सुटली. अक्का रोज सकाळी कणीक भिजवता भिजवता विचारायची, "बँकु आयता?" बँकेचं झालं का? मी इंदिरानगरहून दोन बस बदलून यायचे आणि रोज सांगायचे, अजून नाही. तिने कधी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. वैशाख निम्मा संपला होता.

लॉकरला नॉमिनी नव्हता. ठेवीसाठी एक फॉर्म भरला की सगळीकडे पुरतो अशी आईची समजूत. लॉकरचा फॉर्म वेगळा असतो, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि ती शिक्षिका असल्यामुळे तिने विचारलं नाही. लॉकर तिच्या एकटीच्या नावावर. अण्णाच्या कारखान्यातल्या एका सर्वज्ञाने सल्ला दिला की कोर्टातून वारसा प्रमाणपत्र काढा, सगळं सुटेल. साहेब हसले. म्हणाले, ते ठेवीला चालतं, येणं वसूल करायला. लॉकरमधल्या वस्तूला त्याचा उपयोग नाही, आणि कोर्टात गेलात तर नातवंडं येतील लॉकर उघडायला. त्यापेक्षा भांडण नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांनी मिळून लिहून द्या, दोन जामीन आणा, तहसीलदार कचेरीतून वंशवृक्ष आणा, मग मी वरच्या ऑफिसची मंजुरी मागवतो.

वंशवृक्ष म्हणजे कुटुंबात कोण कोण आहे याचा सरकारी नकाशा. चौकशीला आलेल्या माणसाने वर आईचं नाव, उर्फसकट, लिहिलं, खाली अप्पा, खाली अण्णा, आणि वही मिटायला लागला.

"आणि मी?" मी कन्नडमध्ये विचारलं.

"तुमचं लग्न झालंय ना अम्मा?"

"लग्न झालंय. मेले नाही."

त्याने वही उघडली. फांदी काढायला जागा उरली नव्हती, म्हणून मी समासात लटकले. त्या वंशवृक्षाची प्रत अजून माझ्याकडे आहे, त्यात मी एखाद्या बांडगुळासारखी दिसते.

जामीन म्हणून अण्णाने आमच्या समोरच्या घरातल्या निवृत्त मास्तरांना गाठलं. ते आईच्या दहाव्याला आमच्या गळ्यात पडून रडले होते, काही लागलं तर हाक मारा म्हणाले होते. हाक मारल्यावर त्यांनी घराची कागदपत्रं दाखवावी लागतील हे ऐकलं आणि त्यांना अचानक मुलाकडे म्हैसूरला जावं लागलं. शेवटी आईच्या शाळेतल्या दोन शिक्षिका आल्या. दोघींनी आपापल्या घरांच्या कराच्या पावत्या पर्समधून काढून टेबलावर ठेवल्या आणि कुठे सही करायची ते विचारलं. त्यांना आईचं सासरचं नाव माहीतच नव्हतं.

राहिली किल्ली. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली. आपली हरवली तर कंपनीचा माणूस बोलावून फोडावं लागतं आणि त्याची तारीख मिळायलाच महिना जातो. आम्ही कपाट, गाद्या, देव्हारा, आईच्या चाळीस वर्षांच्या पर्सेस सगळं उलटंपालटं केलं. अण्णाने घराचा आराखडा काढून खोल्यांना क्रमांक दिले. दुसऱ्या दिवशी अक्काने हा पसारा बघितला, काय शोधताय विचारलं, आणि शिकेकाईच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढून दिली.

"एप्पा," ती शिंकत म्हणाली, "मला विचारायचं नाही का?"

मी अण्णाकडे बघितलं. सात वर्षं त्या बाईला किल्ली कुठे आहे ते ठाऊक होतं. आई गेल्यावर दोन महिने ती त्याच डब्याशेजारी उभी राहून आम्हाला पोळ्या करून वाढत होती. अण्णा म्हणाला, "किल्ली असून उपयोग काय, सही लागते ना." तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. त्याचं बहुतेक सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतं.

वरच्या ऑफिसची मंजुरी आली तेव्हा अक्काच्या मुलीच्या लग्नाला सहा दिवस उरले होते.

लॉकर उघडायला आम्ही तिघे वारस, साहेब आणि त्यांचा एक सहकारी, आणि साक्षीला दोन परके लोक हवे होते. साहेबांनी पेन्शन घ्यायला आलेले दोन म्हातारे पकडून आणले. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं, पण डोळे चांगले होते. त्या छोट्या खोलीत सात जणांचा घाम निथळत होता. अण्णाच्या हातात फाइल, फाइलीत 'अपेक्षित दागिने' अशी यादी, लग्नाचे फोटो भिंगाखाली बघून केलेली. चार पाटल्या, मोहनमाळ, नथ, कमरपट्टा. कमरपट्टा फोटोपुरता आत्याकडून आणलेला होता हे अप्पांना आठवत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दोन्ही किल्ल्या फिरल्या. साहेबांनी एक-एक वस्तू काढून बोलायची आणि सहकाऱ्याने लिहायची. बँक सोन्याला सोनं म्हणत नाही, कारण खरं आहे की खोटं हे त्यांनी का सांगावं? "पिवळ्या धातूची माळ, एक. पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन. पांढऱ्या धातूची वाटी, एक. मोत्यासारखे मणी असलेली नथ, एक." जन्मभर जपलेलं सगळं असं संशयाने नोंदवलं जात होतं. मग एक जाड पाकीट, त्यात आईची सर्टिफिकेटं, वर माहेरचं नाव वळणदार अक्षरात. शेवटी हिरव्या खणाची एक पुरचुंडी, वातीच्या सुताने बांधलेली. आणि लॉकर संपलं.

"पाटल्या चार होत्या," अण्णा म्हणाला.

साहेबांनी पुरचुंडी सोडली. त्यात वरच दोन बांगड्या होत्या.

"या बघा," अण्णा म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "दोन तिथे, दोन इथे. चार. या आईच्याच आहेत."

तीन वारसांपैकी एकाने हरकत घेतली की साहेब हात आखडता घेणार, कागद पुन्हा वर जाणार, आणि ज्येष्ठ काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. "अण्णा," मी म्हटलं, "तुझ्या फाइलीत अक्काची यादी आहे. वाच."

"त्याला काही अर्थ आहे का? कुणीही—"

"वाच म्हणते ना."

त्याने 'इतर'मधून तो झेरॉक्स काढला, उलटा केला आणि माझं अक्षर वाचायला लागला, आधी घाईघाईने. हिरवा खण, देवीच्या ओटीतला, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. साहेबांनी खण उलगडून धरला. डाग होता. दोन बांगड्या, पातळ, आत लाख भरलेली. एकीवर बारीक खड्डे, मुलगा लहान असताना दात येताना चावायचा. साहेबांनी बांगडी दिव्याजवळ नेली, मग बहिऱ्या साक्षीदाराच्या हातात दिली. त्याने बोट फिरवलं आणि मान डोलावली. कानातली एक जोडी, लाल खड्यांची, डाव्या कानातल्यातला खडा नाही, भोक मेणाने बुजवलंय. होतं. ताळीच्या दोन वाट्या, म्हणजे नवऱ्याने बांधलेल्या मंगळसूत्राच्या, एक चेपलेली. होत्या, एक चेपलेली होती. वाचता वाचता अण्णाचा आवाज हळू होत गेला.

"एवढंच," तो म्हणाला.

"एवढंच हाय," साहेब म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून आमच्या निळ्या फाइलीकडे बघितलं. "दोन महिने तुमचे कागूद बगतोय वो. पैल्या फेरीत पास झाला, असा ह्यो एकच."

उरलेल्या दोन पाटल्यांचं उत्तर सर्टिफिकेटांच्या पाकिटात निघालं. सराफाची पावती होती, दोन पाटल्या मोडल्याची, आणि तारीख अण्णा कॉलेजात गेला त्याच आठवड्यातली. तिच्यावरही नाव आईचं माहेरचंच होतं. अण्णाने ती घडी करून खिशात घातली, फाइलीत नाही.

नियमाप्रमाणे पुरचुंडीही आईच्या वस्तूंतच नोंदली गेली आणि आम्हा तिघांच्या सह्यांवर मिळाली. पुढे कुणाला काय द्यायचं ते तुम्ही तुमचं बघा, असं म्हणून साहेबांनी रिकामं लॉकर बंद केलं.

अप्पांनी घरी जाताना ती पुरचुंडी स्वतःच्या हातात धरली. अण्णा मात्र अण्णाच. वाटेत टायपिस्टकडे थांबून त्याने पोच तयार करून घेतली, दोन प्रतींत, कार्बन लावून. मी टोचून बोलले तर म्हणाला, उद्या तिचाच मुलगा येऊन म्हणाला की मिळालं नाही, तर? यातही तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हती.

अक्का ओट्यापाशी होती. अप्पांनी पुरचुंडी तिच्यापुढे धरली. तिने हात पदराला पुसले, दोन्ही हातांनी ती घेतली, पण सोडून बघितली नाही, तशीच कमरेला खोचली. मग अण्णाने कागद पुढे केला.

"सही कर अक्का. किंवा अंगठा."

"ठेवताना अम्माने कागद मागितला नव्हता," ती म्हणाली. रागावून नाही, माहिती सांगावी तशी. पण कागद घ्यायला तिने हात पुढे केला.

अण्णाने पेन उघडलं आणि थांबला. कागदावर टाइप केलेलं होतं, 'मी, श्रीमती', आणि पुढे मोकळी जागा. टायपिस्टने विचारलं असणार आणि अण्णाने म्हटलं असणार की नंतर भरतो. त्याने माझ्याकडे बघितलं. मी अप्पांकडे. अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

एकोणीस वर्षं ती बाई आमच्या घरात होती. माझ्या बाळंतपणात तिने मला न्हाऊ घातलं होतं. आईची दोन नावं जुळवायला आम्ही दोन महिने बंगळूरभर हिंडलो होतो, आणि हिचं एक नाव आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

"अक्का," मी शेवटी विचारलं, "तुझं नाव काय?"

ती हसली. इतकं साधं विचारायला मला एवढी लाज का वाटतेय, हे तिला समजलं नसावं. तिने नाव सांगितलं. मग गॅस बारीक करत म्हणाली, "अम्माला माहीत होतं. दार लावलं की अम्मा मला त्याच नावाने हाक मारायची. आणि मी तिला तिच्या."